गोदाम चालू, मोजणीही चालू

मार्च संपत आला की भिवंडीच्या गोदामांत एक जुना वाद नव्याने सुरू होतो. हिशेब खात्याला ३१ मार्चचा स्टॉक मोजून हवा असतो आणि नेमक्या त्याच दिवशी विक्री खात्याला वर्षातला सर्वांत जास्त माल गेटबाहेर काढायचा असतो. मोजायचं तर गोदाम दोन दिवस बंद ठेवावं लागतं. बंद ठेवलं तर नाशिकचा आणि लातूरचा दुकानदार तोच माल दुसऱ्याकडून मागवतो, आणि एकदा दुसरीकडे गेलेलं गिऱ्हाईक परत आणायला वर्ष जातं. मग मधला मार्ग निघतो: रविवारी बाहेरची दहा-पंधरा माणसं आणून, रात्री उशिरापर्यंत जागून, कसंबसं सगळं मोजून टाकायचं. ही माणसं मालाला नवखी असतात. बारा तास उभं राहून ती कंटाळलेली असतात. त्यामुळे मोजणीतून जेवढ्या चुका दुरुस्त होतात, त्यात काही नव्या चुकांची भर पडतेच.

पण या वार्षिक मोजणीचा खरा दोष थकवा हा नाही. समजा, एका वस्तूचे ४० नग कमी भरले. गेल्या मोजणीनंतर बारा महिन्यांत ती वस्तू शेकडो वेळा आत आली, बाहेर गेली, परत आली. या ४० नगांचं काय झालं हे आता कोण सांगणार? मग ‘शॉर्ट’ अशी नोंद करून आकडा बरोबर केला जातो. ज्या कारणाने फरक पडला ते कारण १ एप्रिलला सकाळी कामावर हजर असतं.

स्टॉकचा आकडा किती चुकीचा असू शकतो याचा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. निकोल डेहोराशियस आणि अनंत रमण यांनी अमेरिकेतल्या एका किरकोळ विक्रेत्याच्या ३७ दुकानांतल्या जवळजवळ ३,७०,००० नोंदी तपासल्या आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. ही दुकानं होती, गोदामं नव्हेत. तिथे गिऱ्हाईकही मालाला हात लावतं. तरी संगणक आहे म्हणजे आकडा खरा आहे, हा समज मोडायला एवढं पुरे.

यावर उपाय म्हणून सायकल काउंटची पद्धत वापरतात. रोज थोडा थोडा माल मोजायचा आणि वर्षभरात सगळं गोदाम फिरून यायचं. ऐकायला सोपं वाटतं, म्हणून बहुतेक ठिकाणी ते असं सुरू होतं: “रोज वीस आयटम मोजा.” तीन महिन्यांत ते बंदही पडतं. रोज काय मोजायचं, कोणत्या क्षणी मोजायचं आणि फरक निघाला तर पुढे काय, हे आधी ठरलेलं नसतं. त्यातला क्षणाचा प्रश्न सर्वांत अवघड असतो आणि त्याचाच विचार सर्वांत कमी होतो.

एक गोदाम डोळ्यांसमोर धरू. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण मध्यम आकाराच्या गोदामात ते असे असू शकतात. भिवंडीचा एक गाळा, माल मोटारसायकल, टेम्पो आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा. वेगवेगळ्या वस्तू ४,०००. रॅकवरच्या जागा, म्हणजे क्रमांक दिलेले खण, ६,४००. एकाच वस्तूचा माल कधी दोन-तीन खणांत असतो, म्हणून खण वस्तूंपेक्षा जास्त. काम सकाळी ९ पासून रात्री ९ पर्यंत. दिवसाला सुमारे ९०० ओळींचा माल उचलला जातो. एका बिलावर पाच वस्तू असतील तर त्या पाच ओळी. महिन्याचे शेवटचे चार दिवस श्वास घ्यायलाही फुरसत नाही. दुकानदारांच्या खरेदीच्या योजना तेव्हाच संपत असतात.

आता काय आणि किती वेळा मोजायचं? पुस्तकी उत्तर आहे ‘एबीसी’ वर्गवारी. जनरल इलेक्ट्रिकच्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये ती मांडली. थोड्या वस्तूंत बहुतेक पैसा अडकलेला असतो, म्हणून त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या, असं तिचं म्हणणं. खरेदी ठरवताना हे चोख आहे. मोजणीसाठी मात्र मला ते अपुरं वाटतं. महागडी क्रँकशाफ्ट रॅकवर महिनाभर तशीच पडून असते. कोणी हात लावला नाही तर तिचा आकडा चुकेल कसा? चूक हाताळणीतून होते. चुकीच्या खणातून उचलणं, एकाऐवजी दोन खोकी देणं, परत आलेला माल नोंद न करता ठेवणं, या सगळ्यासाठी मालाला हात लागावा लागतो.

साधा हिशेब करून पाहा. पाचशे हाताळण्यांत एक चूक होते असं धरू. वर्षात ५०० वेळा हाताळल्या जाणाऱ्या वस्तूचा आकडा साधारण वर्षातून एकदा बिघडेल. वर्षात दहाच वेळा हाताळल्या जाणाऱ्या वस्तूचा पन्नास वर्षांत एकदा. या दोन्ही वस्तू वर्षातून सारख्याच वेळा मोजणं म्हणजे श्रम वाया घालवणं. म्हणून आपल्या गोदामात वर्ग पाडायचे ते उचलण्याच्या ओळींवरून. ज्या ४०० वस्तूंवर बहुतेक ओळी पडतात त्या ‘ए’, पुढच्या १,००० ‘बी’ आणि उरलेल्या २,६०० ‘सी’. चोरीला सोपी अशी लहान आणि महाग वस्तू किती का कमी खपेना, तिला हाताने उचलून ‘ए’त टाकायचं. संगणकाच्या वर्गवारीला एवढी ढवळाढवळ चालते.

‘ए’ वर्षातून सहा वेळा मोजायच्या, म्हणजे २,४०० मोजण्या. ‘बी’ दोन वेळा, म्हणजे २,०००. वर्षात कामाचे दिवस ३०० धरले आणि महिनाअखेरचे चार-चार सोडले, तर साधारण २५० उरतात. एकूण ४,४०० भागिले २५०, म्हणजे रोज अठरा वस्तू. एका वस्तूला सरासरी १.६ खण, म्हणजे एकोणतीस खण.

आणि ‘सी’? त्या वस्तूप्रमाणे मोजायच्याच नाहीत. वस्तूप्रमाणे मोजताना माणूस संगणक सांगेल त्या खणाकडेच जातो. जो माल चुकीच्या खणात पडला आहे, तिथे त्याला कोणी पाठवतच नाही. संगणकाच्या लेखी जो खण रिकामा आहे, त्यात दोन वर्षांपासून ब्रेक शूची पेटी असेल तर ती पुढचीही दोन वर्षं तिथेच राहील. म्हणून मोजणीचा दुसरा धागा हवा: वस्तू विसरून रॅकच्या एका टोकापासून सरळ चालत जायचं आणि प्रत्येक खणात प्रत्यक्ष काय आहे ते लिहायचं. रिकामा खणही ‘रिकामा’ असं पाहून लिहायचं. ६,४०० खण २५० दिवसांत, म्हणजे रोज सव्वीस. या फेरीत ‘सी’ आपोआप येतात आणि हरवलेला मालही सापडतो.

दोन्ही मिळून रोज पंचावन्न खण. चालणं, मोजणं, नोंद हे सगळं धरून खणाला साडेतीन मिनिटं लागली तर सव्वातीन तास. दोन माणसं सकाळी साडेसहाला आली तर साडेआठच्या आत काम उरकतं. पूर्ण गोदाम दोन दिवस थांबवण्याच्या जागी ही किंमत आहे: दोन माणसांचे रोजचे दोन तास आणि फरक शोधणाऱ्या एका सुपरवायझरचा दिवसातला काही वेळ. हा दुसरा खर्च लोक धरायला विसरतात आणि योजना तिथेच कोसळते.

आता त्या क्षणाकडे येऊ. माल चालता असताना मोजायचं म्हणजे एसटीतली माणसं मोजण्यासारखं आहे. थांब्यावर दार उघडं असताना कंडक्टर डोकी मोजत नाही. दार लागल्यावर, पुढचा थांबा यायच्या आत मोजतो. गोदामाचं दार कधी लागतं हे प्रत्येक ठिकाणी शोधून काढावं लागतं, कारण माल हलतो एका वेळी आणि त्याची नोंद होते दुसऱ्या वेळी.

आपल्या गोदामात बिल झालं की पुस्तकातला स्टॉक कमी होतो, पण माल रॅकवरून उचलला जातो नंतर. म्हणजे बिल झालंय आणि उचल बाकी आहे अशा वेळी मोजलं तर रॅकवर माल ‘जास्त’ दिसेल. उलट, आलेल्या मालाची आवक गेटजवळ नोंदली जाते आणि माल डॉकवर तासन्‌तास पडून असतो. तेव्हा मोजलं तर रॅकवर ‘कमी’ दिसेल. दोन्ही फरक खोटे आहेत.

एका क्लच प्लेटचं उदाहरण घेऊ. पुस्तकात शिल्लक १५६. मोजणाऱ्याने रॅकवर ११८ मोजल्या. फरक ३८, कमी. सुपरवायझरने घाबरून ३८ शॉर्ट टाकले असते तर काय झालं असतं? रात्री उशिरा झालेल्या एका बिलाचे २४ नग अजून उचललेले नव्हते. ते पुस्तकातून गेले होते, पण रॅकवर होते. आदल्या संध्याकाळी आलेले ६० नग पुस्तकात चढले होते, पण डॉकवरच होते. म्हणजे रॅकवर असायला हवे होते १५६ अधिक २४ उणे ६०, म्हणजे १२०. मोजले ११८. खरा फरक दोन नगांचा. ३८ ची नोंद केली असती तर ३६ नगांची चूक त्या सकाळी आपणच जन्माला घातली असती.

म्हणून नियम असा: रात्री ९ ला शेवटची गाडी गेली की झालेल्या प्रत्येक बिलाचा माल उचललेला असला पाहिजे आणि आवक झालेला प्रत्येक नग रॅकवर चढलेला असला पाहिजे. रोज हे शंभर टक्के होणार नाही. जे राहिलं त्याची यादी करून सकाळी मोजणाऱ्यांच्या सुपरवायझरच्या हातात द्यायची. त्या दिवशी मोजायच्या अठरा वस्तूंपैकी एखादी या यादीत असेल तर ती उद्यावर ढकलायची किंवा वरच्यासारखा हिशेब करायचा. दिवसा मोजायची वेळ आलीच तर गोदाम थांबवायची गरज नाही. तो एक खण पंधरा मिनिटं थांबवायचा. सॉफ्टवेअरमध्ये खण लॉक करता येत असेल तर उत्तम. नसेल तर दोरीला बांधलेला लाल पुठ्ठा खणाला लटकवायचा. पिकरने तो पाहून पुढची ओळ उचलायची आणि फिरून परत यायचं. पुठ्ठ्याची पद्धत जुनी वाटेल, पण ती सगळ्यांना दिसते.

मोजणाऱ्याच्या हातातल्या कागदावर किंवा स्कॅनरवर पुस्तकातली शिल्लक दिसता कामा नये. ४८ दिसत असतील तर ४७ मोजणारा माणूस पुन्हा मोजतो आणि ४८ होईपर्यंत मोजत राहतो. त्यात अप्रामाणिकपणा नसतो, डोळा हट्टी असतो. आकडा जुळला नाही तर दुसऱ्या माणसाने, पहिल्याचा आकडा न पाहता, पुन्हा मोजायचं. दोघांचं एकमत झालं तरच फरक खरा धरायचा.

हे सगळं एकदम चार हजार वस्तूंवर सुरू करू नये. आधी पन्नास वस्तू निवडायच्या, सगळ्या वर्गांतल्या आणि सगळ्या रॅकवरच्या. रोज दहा, म्हणजे कामाच्या पाच दिवसांत सगळ्या एकदा मोजून होतात. असं सहा आठवडे त्याच पन्नास मोजायच्या. पहिल्या फेरीत जुना गाळ वर येईल. तो शोधून आकडे बरोबर करायचे. दुसऱ्या फेरीपासून जो फरक निघेल तो गेल्या सात दिवसांतलाच असणार. बिलं ताजी असतात, उचलणारा माणूस समोर असतो, कॅमेऱ्याचं चित्रीकरणही बहुधा पुसलेलं नसतं. याच आठवड्यांत क्षणाचा घोटाळा उघडा पडतो. फरक आज निघतो, काही हात न लावता उद्या नाहीसा होतो, आणि तो नेमका एखाद्या बिलाएवढाच असतो. असे फरक थांबेपर्यंत पुढे जाऊ नये. मोजण्याची रीतच चुकत असेल तर ती चार हजार वस्तूंवर वापरून चांगले आकडे बिघडवायचे कशाला?

फरक वाचता येतो, आणि या कामातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग हाच. पुस्तकात ५ आणि रॅकवर ५०, किंवा १२ आणि १४४, असं नेमक्या पटीत असेल तर एककाची चूक: ऑइल सीलची दहाची पाच पाकिटं आली आणि आवक करणाऱ्याने ‘५ नग’ टाकले. फरकाला नऊने भाग जात असेल, जसं ५४ आणि ४५, तर टंकताना अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता आधी तपासावी. मुनीमजींच्या काळापासूनची ही युक्ती अजून चालते. फरक एखाद्या परताव्याच्या पावतीएवढा असेल तर दुकानदाराकडून ड्रायव्हरबरोबर परत आलेला माल नोंद न करता रॅकवर गेला. आणि एका वस्तूत जेवढे कमी, दुसऱ्या तशाच दिसणाऱ्या वस्तूत तेवढेच जास्त, हा तर नेहमीचा प्रकार.

त्याचंही एक उदाहरण. 6204 हे बेअरिंग मोटारसायकलपासून पंपापर्यंत सगळीकडे लागतं. त्यातली 6204-ZZ आणि 6204-2RS ही दोन मापाने सारखीच असतात: आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, जाडी १४. एकाला दोन्ही बाजूंनी पत्र्याचं झाकण, दुसऱ्याला रबराचं सील. खोक्याचा रंग तोच. फरक फक्त लेबलावरच्या शेवटच्या अक्षरांत. ‘ए’ वर्गाच्या मोजणीत 6204-2RS चे ४० नग कमी भरले. दोघांनी मोजलं, एकमत. इथे सुपरवायझरपुढे दोन रस्ते होते. एक, ४० शॉर्ट टाकून मोकळं व्हायचं. तसं केलं असतं तर पुढच्या पंधरवड्यात 6204-ZZ च्या मोजणीत ४० जास्त निघाले असते, तेही आकड्यात चढवले गेले असते, आणि मग पत्र्याचं झाकण मागणाऱ्या गिऱ्हाईकाला कोणीतरी रबरी सीलचं खोकं पाठवलं असतं.

दुसरा रस्ता मागे जायचा. ही वस्तू दोन महिन्यांपूर्वी बरोबर मोजली गेली होती, म्हणून बघायच्या होत्या फक्त त्यानंतरच्या नोंदी. त्यात आवक तीन वेळा. शेवटच्या आवकेत ४० नगांचं एक खोकं. शेजारचा खण 6204-ZZ चा. तिथे मागच्या बाजूला, लेबल भिंतीकडे करून, न फोडलेलं एक खोकं उभं होतं. ते उचलून जागेवर ठेवलं. पुस्तकात एकही नोंद करावी लागली नाही. पण काम तिथे संपलं नाही: दोन्ही वस्तूंचे खण एकमेकांपासून चार रॅक दूर नेले, कारण सारखं दिसणारं शेजारी ठेवलं की ही चूक होतच राहणार. खोकं ठेवताना आधी खणाचा आणि मग खोक्याचा बारकोड स्कॅन करायची सक्ती हा याहून पक्का उपाय. पण त्याला पैसे लागतात; खण हलवायला एक दुपार लागते.

मोजणी किती बरोबर चालली आहे हे पाहण्याचा आकडाही विचार करून निवडावा लागतो. आपल्या गोदामात एका महिन्यात ३८० वस्तू मोजल्या असं धरू. मोजलेल्या मालाची किंमत ९० लाख. कमी भरलेला माल ६१,००० रुपयांचा, जास्त भरलेला ५८,५०० चा. निव्वळ फरक २,५०० रुपये, म्हणजे तीन शतांश टक्काही नाही. मालकाला हा आकडा दाखवला तर तो खूश होईल. पण त्या ३८० पैकी ३८ वस्तूंचे आकडे चुकीचे होते. म्हणजे दहातली एक वस्तू अशी, की विक्रेत्याने फोनवर “आहे” म्हणून सांगितलं आणि ती निघाली नाही, किंवा “नाही” म्हटलं आणि ती होती. रुपयांत कमी आणि जास्त एकमेकांना खाऊन टाकतात, रॅकवर मात्र तसं होत नाही. म्हणून मोजायचं ते बरोबर निघालेल्या वस्तूंचं प्रमाण: ३४२ भागिले ३८०, म्हणजे ९० टक्के. ‘ए’ वस्तूत एका नगाचाही फरक चूक धरावा. वजनावर मोजल्या जाणाऱ्या नट-वॉशरला दोन-तीन टक्क्यांची सूट द्यावी, नाहीतर माणसं वॉशर मोजत बसतील. हे प्रमाण ९५ ते ९७ टक्क्यांवर जाऊन काही महिने टिकलं की वार्षिक मोजणी सोडायचा विचार करता येतो.

त्या ३८ चुकांची कारणं वहीत लिहिली तर उदाहरणार्थ असं दिसेल: १४ क्षणाच्या घोटाळ्याच्या, ९ चुकीच्या खणाच्या, ६ एककाच्या, ५ नोंद न झालेल्या परताव्याच्या आणि ४ ज्यांचा पत्ता लागला नाही. ही यादी हातात आली की पुढच्या महिन्याचं काम ठरतं. चौदा चुका बिल आणि उचल यांच्या मधल्या वेळेतून येत असतील तर आणखी माणसं मोजणीला लावून उपयोग नाही. रात्रीची आवराआवर सुधारायला हवी. अशी वही ठेवणारी गोदामं मला कमी दिसली आहेत. आकडा दुरुस्त करायची घाई सगळ्यांना असते.

योजना ढासळते ती दोन ठिकाणी. पहिली जागा महिनाअखेर. चार दिवस आधीच सोडलेले असतात, पण पाचवा आणि सहावाही जातो, आणि बुडालेली मोजणी कोणी भरून काढत नाही. जानेवारीत लक्षात येतं की रॅकची शेवटची तीन आळी अजून कोणी पाहिलेलीच नाहीत. यावर लक्ष ठेवायला दर महिन्याला एकच गोष्ट पाहावी: वर्षाचा जेवढा भाग गेला, खणांचा तेवढा भाग फिरून झाला का? सप्टेंबरअखेर, अर्धं वर्ष सरताना, तीन हजारांच्या वर खण झालेले असले पाहिजेत.

दुसरी जागा म्हणजे न मोजता भरलेले आकडे. आठवडाभर एकही फरक निघाला नाही तर आनंद मानण्याआधी शंका घ्यावी. नोंदींच्या वेळा पाहाव्यात. वीस खण आठ मिनिटांत होत नाहीत. सगळे आकडे पाचाच्या किंवा दहाच्या पटीत असतील तर खोकी मोजली गेली, आत किती आहेत ते पाहिलं नाही. सुपरवायझरने आठवड्यातून एकदा, मोजून झालेल्यांपैकी पाच खण स्वतः जाऊन मोजावेत. आणि जो मोजतो त्याला पुस्तकातला आकडा बदलायचा अधिकार नसावा. ठरावीक रकमेपर्यंत सुपरवायझर, त्यावर मॅनेजर, असं सहीचं बंधन हवं. नाहीतर माल बाहेर नेणारा हातच त्याची नोंद मिटवू शकतो.

राहिला ऑडिटरचा प्रश्न. पुष्कळ मालकांना वाटतं की कायद्याने ३१ मार्चला सगळा माल मोजावाच लागतो. ज्या कंपन्यांना २०२० चा ऑडिटर अहवालाचा आदेश लागू आहे, त्यांच्या बाबतीत ऑडिटरला सांगावं लागतं की व्यवस्थापनाने मालाची प्रत्यक्ष तपासणी वाजवी कालांतराने केली का, तिची व्याप्ती आणि पद्धत योग्य होती का, आणि मालाच्या एखाद्या प्रकारात एकूण १० टक्के किंवा त्याहून जास्त तफावत निघाली का. एकाच दिवशी सगळं मोजा, असं त्यात नाही. पण मोजणीचं वेळापत्रक, मोजणाऱ्यांच्या सह्या, फरकांची कारणं आणि कोणी काय मंजूर केलं हे कागदावर नसेल तर ऑडिटर ते मान्य करणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच त्याला बोलावून पद्धत दाखवावी. एखाद्या सकाळी तो मोजणीला उभा राहील, स्वतः काही खण निवडून मोजायला सांगेल. मार्चमध्ये येऊन हेच पहिल्यांदा सांगितलं तर त्याला संपूर्ण मोजणीच हवी असेल.

कराचाही एक धागा यात आहे. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा हिशेबातून काढून टाकलेल्या मालावर खरेदीच्या वेळी घेतलेला जीएसटीचा परतावा कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे मिळत नाही. तो उलटवावा लागतो. म्हणजे ‘शॉर्ट’ची सही केली की मालाच्या किमतीबरोबर त्यावरचा करही अंगावर येतो, आणि तीन महिन्यांनी तोच माल खणांच्या फेरीत सापडला तर नोंदी पुन्हा उलट्या करत बसावं लागतं. म्हणून फरक पक्का झाला तरी तो काही दिवस ‘शोध चालू’ अशा वेगळ्या यादीत ठेवावा. ‘ए’ वस्तूला पंधरा दिवस, बाकीच्यांना महिना. या काळात शेजारचे खण, परताव्याचा कोपरा, डॉक आणि तशाच दिसणाऱ्या वस्तूंचे खण पाहून व्हावेत. विक्रीला दिसणारी शिल्लक मात्र लगेच कमी करायची, म्हणजे नसलेल्या मालाचं बिल कोणी फाडणार नाही. आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर या यादीत नवं काही फार काळ राहू द्यायचं नाही. ३१ तारखेला ती रिकामी करून, प्रत्येक ओळीसमोर कारण आणि सही घेऊन, हिशेब खात्याकडे द्यायची.